तेरीज जुळली, ताळेबंदही जुळला. मग उत्तर चुकीचे कसे?

अकरावी कॉमर्सच्या पुस्तपालनाच्या पेपरात तेरजेच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की विद्यार्थी सुटकेचा श्वास सोडतो. दोन रेघा मारतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पेपर तपासून आल्यावर त्याच उत्तरावर लाल शाईची फुली दिसली, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तेरीज जुळली होती ना, मग चुकले काय?

बऱ्याचदा यामागे एकच कारण असते. उत्तरात एक नव्हे, दोन चुका झालेल्या असतात आणि एका चुकीने दुसरी झाकलेली असते. हिशेबशास्त्रात यांना भरपाईच्या चुका म्हणतात. एका बाजूला जेवढी रक्कम कमी पडली तेवढीच दुसऱ्या बाजूलाही कमी पडली, किंवा एका खात्यात जेवढी जास्त लिहिली तेवढीच त्याच बाजूच्या दुसऱ्या खात्यात कमी लिहिली, तर बेरजा सारख्याच राहतात.

नुसत्या व्याख्येवरून हे नीट उमगत नाही. म्हणून एक छोटा हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवून पाहू.

लिंबागणेशमधले एक दुकान

बीड तालुक्यातले लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीचे गाव. समजा, तिथे एकाने बियाणे आणि खताचे नवे दुकान टाकले आणि त्याच्या पहिल्या महिन्याचा हिशेब परीक्षेत विचारला. दुकान काल्पनिक आहे, आकडे सोडवायला सोपे जावेत असे घेतले आहेत आणि जीएसटी बाजूला ठेवला आहे.

महिन्याभरात नऊ व्यवहार झाले. मालकाने १,००,००० रुपये रोख भांडवल आणले. बीडच्या घाऊक व्यापाऱ्याकडून ४३,२०० रुपयांचे बियाणे उधार घेतले. २१,००० रुपयांचे खत रोखीने घेतले. रोख विक्री ५७,५०० रुपयांची झाली आणि एका शेतकऱ्याला १२,४०० रुपयांचा माल उधार दिला. दुकानाचे भाडे ४,००० रुपये आणि नोकराचा पगार ७,६०० रुपये रोख दिला. घाऊक व्यापाऱ्याला २०,००० रुपये रोख चुकते केले. उधारीवाल्या शेतकऱ्याकडून ५,००० रुपये रोख आले.

विद्यार्थ्याने रोजकीर्द अगदी बरोबर लिहिली. नऊ नोंदी, प्रत्येकीत नावे आणि जमा रक्कम सारखी. रोजकीर्दीच्या दोन्ही रकान्यांची बेरीज २,७०,७०० रुपये आली. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

आता खतावणी. रोजकीर्दीतली प्रत्येक नोंद दोन खात्यांत न्यायची असते, म्हणजे नऊ नोंदींची अठरा वेळा नक्कल करायची. गडबड नेमकी इथे होते. पगार खात्याच्या नावे बाजूला ७,६०० लिहायचे होते, तिथे ६,७०० लिहिले गेले. सात आणि सहा या अंकांची अदलाबदल झाली. पुढे घाऊक व्यापाऱ्याच्या खात्याच्या जमा बाजूला ४३,२०० ऐवजी ४२,३०० लिहिले. तिथेही दोन शेजारच्या अंकांची अदलाबदल. बाकी सोळा नकला बरोबर.

खात्यांच्या बाकी काढून तेरीज मांडली, तेव्हा बरोबर उत्तर आणि विद्यार्थ्याचे उत्तर असे दिसते:

| खाते | बाजू | बरोबर बाकी | विद्यार्थ्याची बाकी |
|---|---|---|---|
| रोख | नावे | १,०९,९०० | १,०९,९०० |
| खरेदी | नावे | ६४,२०० | ६४,२०० |
| शेतकरी (ऋणको) | नावे | ७,४०० | ७,४०० |
| भाडे | नावे | ४,००० | ४,००० |
| पगार | नावे | ७,६०० | ६,७०० |
| नावे बेरीज | | १,९३,१०० | १,९२,२०० |
| भांडवल | जमा | १,००,००० | १,००,००० |
| घाऊक व्यापारी (धनको) | जमा | २३,२०० | २२,३०० |
| विक्री | जमा | ६९,९०० | ६९,९०० |
| जमा बेरीज | | १,९३,१०० | १,९२,२०० |

विद्यार्थ्याच्या रकान्यात दोन्हीकडे १,९२,२०० आले. तेरीज जुळली. फरक एवढाच की ती चुकीच्या आकड्यावर जुळली.

यातली एकच चूक झाली असती तर काय झाले असते? फक्त पगार चुकला असता, तर नावे बाजू १,९२,२०० आणि जमा बाजू १,९३,१०० आली असती. ९०० रुपयांचा फरक लगेच डोळ्यांत खुपला असता आणि विद्यार्थी शोधायला लागला असता. म्हणजे पहिली चूक सापडली असती, पण दुसरी चूक झाल्यामुळे ती लपली.

ताळेबंद पाहिला तर आणखी फसगत

आता खरी गंमत पुढे आहे. याच तेरजेवरून विद्यार्थ्याने अंतिम हिशेब केले. महिनाअखेरचा शिल्लक माल १२,००० रुपयांचा दिला आहे असे धरू.

ढोबळ नफा दोन्ही उत्तरांत सारखाच येतो, कारण खरेदी, विक्री आणि शिल्लक माल या तिन्हींना चुकीचा स्पर्श झालेला नाही. ६९,९०० आणि १२,००० मिळून ८१,९००, त्यातून ६४,२०० वजा केले की १७,७०० रुपये. त्यातून भाडे ४,००० आणि पगार ७,६०० वजा केला की नक्त नफा ६,१०० रुपये. विद्यार्थ्याने पगार ६,७०० धरल्यामुळे त्याचा नक्त नफा ७,००० रुपये आला.

ताळेबंदाची मालमत्ता बाजू पाहू. रोख १,०९,९००, शेतकऱ्याकडून येणे ७,४०० आणि शिल्लक माल १२,०००, एकूण १,२९,३००. यात काहीच चुकलेले नाही. देयता बाजूला बरोबर उत्तरात भांडवल अधिक नफा १,०६,१०० आणि धनको २३,२०० मिळून १,२९,३०० येतात. विद्यार्थ्याच्या उत्तरात भांडवल अधिक नफा १,०७,००० आणि धनको २२,३०० आहेत. त्यांचीही बेरीज १,२९,३००.

म्हणजे ताळेबंद जुळला, एवढेच झाले नाही. ताळेबंदाची बेरीज उत्तरसूचीतल्या बेरजेइतकीच आली. उत्तर पडताळताना ज्याने फक्त शेवटचा आकडा पाहिला, त्याला आपले सगळे बरोबर आहे अशी खात्रीच पटेल. कारण ९०० रुपये ताळेबंदातून नाहीसे झालेले नाहीत. ते धनकोच्या ओळीतून मालकाच्या भांडवलाच्या ओळीत सरकले आहेत, आणि दोन्ही ओळी एकाच बाजूला आहेत.

परीक्षक फुली का मारतो

विद्यार्थ्याचा युक्तिवाद साधारण असा असतो: दुहेरी नोंद पद्धतीत दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत, माझ्या सारख्या आल्या, म्हणून उत्तर बरोबर. यातला पहिला भाग खरा आहे, निष्कर्ष खोटा. बरोबर हिशेबाची तेरीज जुळतेच. पण जुळलेली तेरीज बरोबर हिशेबाची असतेच असे नाही. पाऊस पडला की अंगण ओले होते म्हणून ओले अंगण पाहून पाऊस पडला असे ठरवता येत नाही, कोणी सडाही टाकलेला असू शकतो.

प्रश्नात मागितलेले असते ते खात्यांच्या बाकी काढायला. दोन बेरजा सारख्या आणणे हे मागितलेले नसते. बेरीज हे त्या बाकींचे एक उपउत्पादन आहे. वरच्या उत्तरात आठपैकी दोन खात्यांच्या बाकी चुकल्या, तेरजेची एकूण रक्कम चुकली आणि अंतिम हिशेबात नक्त नफा, भांडवल आणि धनको हे तीन आकडे चुकले. परीक्षक ज्या ज्या पायरीवर थांबेल तिथे चूक सापडेल. ज्या पायऱ्या बरोबर आहेत त्यांचे गुण सर्वसाधारणपणे मिळतात, रोजकीर्दीचे तर पूर्ण मिळायला हवेत. पण ‘तेरीज जुळली’ याचे वेगळे बक्षीस नसते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. परीक्षकाच्या टेबलावर येणाऱ्या अशा काही तेरजा नकळत झालेल्या नसतात. शेवटच्या दहा मिनिटांत ९०० चा फरक दिसला, तो सापडेना, म्हणून कुठल्यातरी खात्यात ९०० घुसवले, असेही होते. कागदावर प्रामाणिक भरपाईची चूक आणि ओढूनताणून जुळवलेली तेरीज यांत फरक करता येत नाही. फरक सापडत नसेल तर तो सस्पेन्स खात्याला टाकून तसे स्पष्ट लिहिणे केव्हाही बरे. निदान चूक कुठेतरी आहे हे त्यातून उघड राहते.

नेमके ९०० च का

दोन स्वतंत्र चुका अगदी सारख्याच रकमेच्या कशा होतील, ही शंका रास्त आहे. लाखो रुपयांच्या हिशेबात दोन चुका योगायोगाने रुपयाला रुपया जुळणे कठीण वाटते. पण हाताने होणाऱ्या चुका वाटेल त्या रकमेच्या नसतात. त्यांना ठरावीक साचे असतात.

शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल घ्या. ७६ चे ६७ झाले तर फरक ९. ४१ चे १४ झाले तर फरक २७. कोणतेही दोन अंक घेतले तरी फरक त्या दोन अंकांमधल्या अंतराच्या नऊपटच येतो. म्हणून हजार आणि शतक या स्थानांवरचे अंक उलटले तर चूक ९००, १,८००, २,७०० अशा नऊच रकमांपैकी एक असणार. दोन्ही अंकांत एकाचा फरक असेल तर हमखास ९००. आपल्या उदाहरणात ७ आणि ६, तसेच ३ आणि २, दोन्ही जोड्यांत अंतर एकाचे होते, म्हणून दोन्ही चुका ९०० च्या झाल्या.

बेरजेत हातचा विसरला तर चूक १०, १०० किंवा १,००० ची होते. शून्य कमीजास्त झाले तरी फरक नऊच्या पटीत येतो, कारण ५०० चे ५,००० झाले तर ४,५०० चा फरक पडतो. असे मोजकेच साचे असल्यामुळे दोन चुका एकमेकींशी जुळण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा बरीच जास्त असते. शिवाय दोनच चुका असाव्या लागतात असेही नाही. एका बाजूला १,००० आणि दुसऱ्या बाजूला ६०० आणि ४०० अशा तीन चुकांनीही तेरीज जुळते.

तेरीज जुळत नसेल तेव्हा याच साच्यांचा उपयोग चूक शोधायला होतो. फरकाला नऊने भाग जात असेल तर आधी उलटलेले अंक शोधायचे. फरक दोनने भागून येणारी रक्कम एखाद्या खात्यात आहे का ते पाहायचे, कारण रक्कम चुकीच्या बाजूला लिहिली गेली तर फरक दुप्पट पडतो. भरपाईच्या चुकांत मात्र हातात फरकच नसतो. जिथे फरक शून्य, तिथे भागायचे कशाला?

रोजकीर्दीची बेरीज विसरू नये

तरीही वरच्या उदाहरणातली चूक पकडायला एक सोपी युक्ती आहे, आणि ती वर्गात फारशी सांगितली जात नाही. त्यासाठी तेरीज दोन प्रकारे मांडता येते हे आठवावे लागते. एक बाकी पद्धत, जी आपण वर वापरली. दुसरी एकूण रकमांची पद्धत, जिच्यात खात्याची बाकी न काढता त्याच्या नावे बाजूची पूर्ण बेरीज एका रकान्यात आणि जमा बाजूची पूर्ण बेरीज दुसऱ्या रकान्यात लिहितात.

रोजकीर्दीतली प्रत्येक रक्कम खतावणीत एकदा नावे आणि एकदा जमा जाते. म्हणून एकूण रकमांच्या तेरजेची बेरीज रोजकीर्दीच्या बेरजेइतकीच यायला हवी. दोन्ही बाजू एकमेकींशी जुळणे पुरेसे नाही, दोन्ही रोजकीर्दीशीही जुळल्या पाहिजेत.

आपल्या उदाहरणात रोजकीर्दीची बेरीज २,७०,७०० होती. विद्यार्थ्याच्या खतावणीतली नावे बाजू पाहा: रोख १,६२,५००, खरेदी ६४,२००, घाऊक व्यापारी २०,०००, शेतकरी १२,४००, भाडे ४,००० आणि पगार ६,७००. एकूण २,६९,८००. जमा बाजूला रोख ५२,६००, भांडवल १,००,०००, घाऊक व्यापारी ४२,३००, विक्री ६९,९०० आणि शेतकरी ५,०००. एकूण तेवढेच, २,६९,८००. दोन्ही बाजू जुळल्या, पण रोजकीर्दीपेक्षा ९०० ने कमी. दोन्ही बाजूंना ९०० रुपयांची नक्कल चुकली आहे हे एका वजाबाकीत कळले.

ही कल्पना नवी नाही. लुका पॅसिओली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात खतावणीतल्या सगळ्या नावे रकमा आणि सगळ्या जमा रकमा यांची बेरीज करून ताडून पाहण्याची रीत सांगितली होती. नुसत्या त्या जुळणीवर विसंबणे धोक्याचे आहे हा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. त्यांतला सर्वांत गाजलेला आवाज इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एडवर्ड जोन्सचा. १७९६ मध्ये त्याने स्वतःची ‘इंग्रजी पद्धत’ पुस्तकरूपाने काढली आणि खतावणीच्या बेरजा मूळ रोजवहीच्या बेरजांशी ताडून पाहण्यावर भर दिला. त्याची पद्धत टिकली नाही, ही ताडणी मात्र टिकली. फ्रान्समध्ये तेरजेची बेरीज रोजकीर्दीच्या बेरजेशी जुळवून पाहणे हा आजही नेहमीचा भाग आहे.

आपल्याकडे ‘तेरीज’ हा शब्द दुहेरी नोंद पद्धतीच्याही आधीचा. जुन्या मराठी हिशेबांत तेरीज म्हणजे हिशेबाचा गोषवारा. गोषवारा जेवढा बरोबर तेवढाच मागचा कागद बरोबर असे कोणी मानत नसे, आणि तेच इथेही लागू आहे.

जिथे हीही युक्ती हरते

रोजकीर्दीशी केलेली ताडणी सगळ्याच भरपाईच्या चुका पकडत नाही. समजा, व्यापाऱ्याचे खाते बरोबर आहे, पण पगार ७,६०० ऐवजी ६,७०० आणि भाडे ४,००० ऐवजी ४,९०० लिहिले गेले. आता दोन्ही चुका नावे बाजूलाच आहेत, एक ९०० ने कमी आणि एक ९०० ने जास्त. नावे बेरीज अजिबात बदलत नाही. बाकी पद्धतीची तेरीज १,९३,१०० वर बरोबर येते आणि एकूण रकमांची तेरीजही २,७०,७०० वर येते. नक्त नफासुद्धा ६,१००च येतो, कारण एकूण खर्च तेवढाच राहिला. चुकले ते फक्त दोन खर्चांचे आकडे.

अशी चूक बेरजेने सापडत नाही. ती रोजकीर्दीतली प्रत्येक रक्कम खतावणीतल्या रकमेशी ताडून दोन्हीकडे टिकमार्क करत गेल्यावरच सापडते. रोजकीर्दीत खतावणीच्या पान क्रमांकाचा जो रकाना असतो, तो याच कामासाठी. नऊ नोंदींच्या प्रश्नाला अठरा टिक लागतात, म्हणजे दोन मिनिटांचे काम. परीक्षेत वेळ कमी असेल तर आधी रोजकीर्दीची बेरीज ताडून पाहावी आणि मग निदान खर्च, धनको आणि ऋणको यांच्या रकमा डोळ्यांखालून घालाव्यात. बहुतेक अदलाबदल तिथेच सापडते.

एक प्रकार याहूनही फसवा आहे. पगार ६,७०० झाला आणि विक्रीची बेरीज करताना ५७,५०० आणि १२,४०० यांचे ६९,९०० ऐवजी ६९,००० लिहिले. तेरीज पुन्हा १,९२,२०० वर जुळेल. विक्री ९०० ने कमी झाल्यामुळे ढोबळ नफा १६,८०० येईल, पण पगारही ९०० ने कमी असल्यामुळे नक्त नफा ६,१०० वर येऊन थांबेल. ताळेबंदात एकही आकडा चुकीचा नसेल. शेवटचे उत्तर उत्तरसूचीशी तंतोतंत जुळेल आणि तरी विक्री, पगार, तेरीज आणि ढोबळ नफा या चारही ठिकाणी उत्तर चूक आहे. असे गुण गेलेला विद्यार्थी सर्वांत जास्त भांडतो, आणि त्याची बाजू समजूही शकते. पण व्यापारी खात्यातला ढोबळ नफा हे मागितलेलेच उत्तर असते.

दुकानात काय होईल

परीक्षेत ९०० रुपयांची चूक म्हणजे काही गुण. दुकानात तीच चूक कशी बाहेर येईल ते पाहण्यासारखे आहे.

गल्ल्यातली रोकड मोजून चूक सापडणार नाही. नोकराला ७,६०० च दिले आणि रोख खात्यात ७,६०० च जमा लिहिले, त्यामुळे रोख शिल्लक बरोबर आहे. ताळेबंद जुळलेला आहे. मालकाला फक्त नफा थोडा बरा दिसतो आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे थोडे कमी दिसते. दोन्ही गोष्टी आवडणाऱ्याच, त्यामुळे कोणी खोलात जात नाही.

चूक बाहेर येते ती दुकानाबाहेरच्या कागदाने. घाऊक व्यापारी त्याचा खातेउतारा पाठवतो, त्यात येणे २३,२०० असते, दुकानाच्या वहीत देणे २२,३००. मग वाद होतो आणि बियाण्याचे मूळ बिल काढले की ४३,२०० दिसते. पण तेवढ्याने काम संपत नाही. व्यापाऱ्याच्या खात्यात ९०० वाढवले की आतापर्यंत जुळत असलेली तेरीज बिघडते, आणि तेव्हा कळते की आणखी एक चूक कुठेतरी आहे. मग पगाराचे व्हाउचर निघते. एक चूक दुरुस्त केल्यावर तेरीज बिघडणे ही वाईट बातमी नाही. पहिल्या चुकीची जोडीदारीण जागी आहे एवढेच त्यातून समजते.

दुरुस्तीची नोंद

अशा चुकांच्या दुरुस्तीतही गुण जातात, कारण बहुतेकांना सवयीने सस्पेन्स खाते आणावेसे वाटते. तेरीज जुळलेली असल्यामुळे सस्पेन्स खाते उघडलेलेच नसते. इथे पगार खाते नावे बाजूला ९०० ने कमी आहे आणि घाऊक व्यापाऱ्याचे खाते जमा बाजूला ९०० ने कमी आहे. म्हणून एकच नोंद पुरते:

पगार खाते … नावे ९००
  घाऊक व्यापाऱ्याचे खाते … जमा ९००
(पगार आणि व्यापारी यांच्या खात्यांत कमी लिहिलेल्या रकमा दुरुस्त केल्या.)

या नोंदीकडे पाहून पगाराचा आणि व्यापाऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न पडतो. संबंध काहीच नाही. दोन स्वतंत्र एकतर्फी चुका आहेत आणि रक्कम सारखी असल्यामुळे त्या एका नोंदीत बसल्या. म्हणूनच नोंदीखालचे स्पष्टीकरण इथे महत्त्वाचे. वेगवेगळ्या दोन नोंदी करून सस्पेन्स खाते मध्ये घेतले, तर ते एकदा ९०० ने जमा आणि एकदा ९०० ने नावे होऊन शून्यावर येते. उत्तर तेच राहते, फक्त लांबते.

चूक अंतिम हिशेब झाल्यावर पुढच्या वर्षी सापडली तर पगार खाते बंद झालेले असते. तेव्हा पगाराऐवजी नफा-तोटा समायोजन खाते नावे करतात आणि त्याची रक्कम मालकाच्या भांडवलातून वजा होते. आदल्या वर्षी भांडवलात जे ९०० जास्त दिसले होते, ते असे परत जातात.

नीट पाहिले तर सस्पेन्स खाते आणि भरपाईची चूक यांचे नाते उलटे आहे. सस्पेन्स खात्यातली बाकी म्हणजे न सापडलेल्या चुकांची निव्वळ रक्कम. त्या खात्यात ९०० आहेत म्हणजे चूक ९०० ची आहे असे नव्हे. ५,००० ची एक आणि ४,१०० ची दुसरी उलट चूक मिळूनही ९०० उरतात.

संगणकावर हे होते का

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये या लेखातली चूक जशीच्या तशी होत नाही. तिथे व्हाउचर एकदाच भरायचे असते, नावे आणि जमा रक्कम सारखी असल्याशिवाय ते जतन होत नाही, आणि खतावणी व बेरीज यंत्र करते. नक्कल करणारा हातच नसल्यामुळे नकलेतली चूक संपते. पगार ७,६०० ऐवजी ६,७०० भरला तर तो पगार खात्यात आणि रोख खात्यात दोन्हीकडे ६,७०० च जाईल. तेरीज तेव्हाही जुळेल, पण ती मूळ नोंदीची चूक झाली, भरपाईची नाही. ती गल्ला मोजताना सापडेल, कारण वहीतली रोकड प्रत्यक्षापेक्षा ९०० ने जास्त दिसेल. हातवहीत मात्र रोख खाते बरोबर असल्यामुळे गल्ला मोजूनही काही कळले नव्हते.

म्हणूनच संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने रोज गल्ला मोजावा, आणि कागदावर तेरीज सोडवणाऱ्या विद्यार्थ्याने रोजकीर्दीची बेरीज पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.